आखातातली बारा वर्षं दोन पानांत: परतल्यावर बायोडेटा कसा लिहायचा

माझा मामेभाऊ, त्याला आम्ही सगळे भाईच म्हणतो, बारा वर्षं दुबईत काढून चिपळूणला कायमचा परत आला तेव्हा त्याच्याकडे पाच पानांचा सीव्ही होता. पहिल्या पानावर फोटो, पासपोर्ट नंबर, धर्म, वडिलांचं नाव आणि व्हिसाची माहिती होती. दुसऱ्या पानावर मोठ्या अक्षरात बुर्ज खलिफा. तो घेऊन त्याने पुण्या-मुंबईत तीस-चाळीस ठिकाणी अर्ज केले आणि तीन महिन्यांत एकच फोन आला, तोही कुठल्या तरी विमा एजंटचा.

मी पुण्यात इमारतींची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत काम करतो. तांत्रिक माणसं निवडायची असली की बायोडेट्यांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येतो. त्याआधी मीही काही वर्षं आखातात होतो, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्यात. भाईचा बायोडेटा आम्ही दोघांनी बसून नव्याने लिहिला. तेच टप्पे इथे देतोय. उदाहरण एसी-देखभालीतलं आणि दुबईतलं आहे. पण सौदी, ओमान, कतारहून परतलेल्या इलेक्ट्रिशियनला, वेल्डरला, स्टोअरकीपरलाही बरंचसं तसंच लागू होईल. बायोडेटा इंग्रजीतच लिहायचा असतो. मी मजकूर मराठीत सांगतो, तुम्ही तो साध्या इंग्रजीत उतरवा.

इथला एचआर आखातातला बायोडेटा वाचताना काय बघतो ते आधी सांगतो. त्याला तुमची दुबईतली कंपनी माहीत नसते. तिथला हुद्दा इथल्या कुठल्या हुद्द्याच्या बरोबरीचा, हेही त्याला कळत नाही. आणि पडताळणी कशी करायची हा प्रश्न असतोच. इथल्या माणसाचा पीएफ नंबर टाकला की मागच्या नोकऱ्या तारखांसकट दिसतात. दुबईच्या माणसाचं असं काहीच दिसत नाही. त्यामुळे बायोडेट्यातली प्रत्येक ओळ कुठल्या तरी कागदाला टेकलेली हवी. म्हणून सुरुवात कागदांपासून.

विमानात बसायच्या आधी

अजून तिकडेच असाल तर हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. परत आल्यावर यातलं निम्मं हाती लागत नाही.

पहिला कागद म्हणजे अनुभवाचा दाखला. अमिरातीच्या 2021 च्या कामगार कायद्यात, जो फेब्रुवारी 2022 पासून लागू आहे, असं म्हटलंय की करार संपल्यावर कामगाराने मागितला तर मालकाने असा दाखला फुकट द्यायचा. त्यात कामावर लागल्याची आणि सोडल्याची तारीख, एकूण सेवा, शेवटचा पगार, सोडण्याचं कारण, आणि पदाचं नाव किंवा कामाचं स्वरूप लिहायचं. तुमचं नाव खराब होईल असं त्यात काही लिहिता येत नाही. यातले ‘किंवा कामाचं स्वरूप’ हे शब्द आपल्या फार उपयोगाचे आहेत, त्याकडे पुढे येतो. दाखला मागायचा तो व्हिसा कॅन्सल होण्याआधी, एचआरमधला ओळखीचा माणूस जागेवर असताना. नंतर व्हॉट्सअॅपवर ‘इन्शाल्ला’ एवढंच उत्तर येतं.

दुसरं, लेबर काँट्रॅक्टच्या पीडीएफ. आतापर्यंत जितक्या वेळा कराराचं नूतनीकरण झालं तितक्या सगळ्या. तिसरं, पगार जमा होणाऱ्या बँकेचं स्टेटमेंट, निदान शेवटच्या वर्षाचं, आणि प्रत्येक नोकरीच्या पहिल्या व शेवटच्या महिन्याचं. दुबईत पगार सरकारी नियमाप्रमाणे बँकेतून किंवा एक्स्चेंज हाउसमधून येतो. कंपनी पुढे बंद पडली तरी स्टेटमेंटवरची तिची नोंद राहते. भाईची पहिली कंपनी बंद पडली होती, आणि तिथल्या दोन वर्षांचा त्याच्याकडे तेवढाच पुरावा होता.

आणि व्हिसाच्या प्रती. एप्रिल 2022 पासून अमिरातीने पासपोर्टवर व्हिसाचं स्टिकर लावणं बंद केलं. जुन्या पासपोर्टात स्टिकर दिसतात, नंतरच्या वर्षांचं काहीच दिसत नाही. ‘पासपोर्ट बघा ना’ असं सांगून आता भागत नाही; ई-व्हिसा आणि कॅन्सलेशनचा कागद हवा.

हे सगळं तिथलं सिमकार्ड चालू असतानाच उतरवून घ्या. बँकेचं अॅप असो की सरकारी अॅप, ओटीपी त्या नंबरवर येतो. भाईने मुंबईला उतरल्यावर सिम काढून टाकलं आणि बँकेचं स्टेटमेंट मिळवायला त्याला दीड महिना आणि शारजातल्या मित्राच्या चार फेऱ्या लागल्या.

पहिल्या पानावरून काय उडवायचं

पासपोर्ट नंबर, जन्मगाव, धर्म, वडिलांचं नाव, उंची-वजन, फोटो: सगळं काढा. आखातात हे चालतं कारण तिथल्या कंपनीला तुमचा व्हिसा काढायचा असतो. इथे त्याचा काही उपयोग नाही. शिवाय पासपोर्ट नंबर लिहिलेला कागद अनोळखी चाळीस लोकांना पाठवणं शहाणपणाचं नाही.

वर राहील ते नाव, +91 चा चालू नंबर, ईमेल आणि आता राहता ते शहर. त्याखाली एक ओळ: ‘कायम भारतात परत, लगेच रुजू होऊ शकतो.’ ही ओळ आवर्जून लिहा. आखातातला माणूस म्हटलं की इथल्या मालकाला वाटतं, हा दोन महिन्यांच्या सुट्टीवर आलाय, दुसरा व्हिसा लागला की पळेल. तसे पळालेले मी स्वतः तीन पाहिलेत, त्यामुळे मालकांनाही दोष देत नाही. मुलाखतीत हा प्रश्न येणारच. भाईने उत्तर दिलं, ‘मुलगी दहावीला आहे, आई एकटी आहे, रेसिडेन्सी कॅन्सल करून आलोय, हा कागद.’ मग पुढे कोणी विचारलं नाही.

कोणाच्या नोकरीत होतात ते लिहा, कुठल्या इमारतीत ते नंतर

भाईच्या बायोडेट्यात तीन नोकऱ्यांच्या जागी तीन इमारतींची नावं होती. आखातातून आलेल्या निम्म्या बायोडेट्यांत हे असतं. दोष नुसत्या फुशारकीचा नाही. तिथे मनुष्यबळ पुरवणारी कंपनी एक, काम दुसऱ्या कंत्राटदाराकडे, जागा तिसऱ्याच मालकाची. माणूस आठ वर्षं ज्या गेटमधून आत गेला तेच नाव त्याला स्वतःचं वाटतं.

पण पडताळणी करणारा त्या इमारतीच्या मालक कंपनीला ईमेल करतो. तिकडून उत्तर येतं, या नावाचा आमचा कर्मचारी नाही. इथे ‘खोटी माहिती’ असा शिक्का बसतो आणि हाती आलेलं ऑफर लेटर परत जातं. माणूस काही खोटं बोललेला नसतो.

म्हणून ठळक अक्षरात लिहायचं ते लेबर काँट्रॅक्टवर असलेलं कंपनीचं नाव, अगदी त्याच स्पेलिंगने, शेपटीला एलएलसी असेल तर तेही. त्याखाली एका ओळीत कंपनी काय करते: ‘इमारत देखभाल कंपनी, दुबई, सुमारे 900 कर्मचारी.’ इथल्या वाचकाला नाव माहीत नाही, हे गृहीत धरूनच लिहायचं. आणि मग ‘कामाची जागा’ म्हणून इमारत किंवा क्लायंट. बुर्ज खलिफा तिथे खुशाल येऊ दे. फक्त भाई तिथे किती काळ होता विचारलं तर निघालं, शटडाउनच्या कामाला एकोणीस दिवस. ते आम्ही उडवलं.

व्हिसावर प्लंबर, हातात एसी

हा प्रश्न इतक्या जणांचा आहे की त्याला जरा जागा देतो. 2012 मध्ये भाई गेला तो प्लंबरच्या व्हिसावर. कंपनीकडे तेव्हा त्याच पदाचे व्हिसा शिल्लक होते, एजंट म्हणाला काही फरक पडत नाही. काम पहिल्या दिवसापासून एसीचं. दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीत ‘एसी मेकॅनिक’ म्हणून कागद झाला, तिथे तो पुढे चार्जहँड आणि मग सुपरवायझर झाला. पण काँट्रॅक्टवर शेवटपर्यंत एसी मेकॅनिकच राहिलं.

लोक दोन चुका करतात. काही जण व्हिसावरचं पद लिहितात आणि स्वतःचा अनुभव मारतात. काही जण नुसतं ‘सुपरवायझर’ लिहितात आणि पडताळणीत काँट्रॅक्ट बाहेर आल्यावर चाचपडतात. माझं मत असं की प्रत्यक्ष केलेलं काम पद म्हणून लिहावं आणि जिथे कागद वेगळं बोलतो तिथे ते आपणच सांगून टाकावं. भाईच्या पहिल्या नोकरीखाली आम्ही लिहिलं: ‘एसी टेक्निशियन. लेबर काँट्रॅक्टवरील पद प्लंबर.’ एवढंच. कारणमीमांसा लिहायची नाही, विचारलं तर तोंडी सांगायची. आखातातला अनुभव असलेला कोणीही समोर बसला असेल तर तो मान डोलावून पुढे जातो. ज्याला माहीत नसेल त्याला निदान तुम्ही लपवलं नाहीत एवढं दिसतं.

दाखल्यात ‘कामाचं स्वरूप’ मागा, असं वर म्हटलं ते याचसाठी. काँट्रॅक्टवर मेकॅनिक असलं तरी दाखल्यात ‘2018 पासून सात जणांच्या टीमची देखरेख’ असं एक वाक्य आलं तर सुपरवायझर हे पद त्या वाक्यावर उभं राहतं. एचआरला नुसतं ‘सर्टिफिकेट द्या’ म्हणू नका. हवं ते वाक्य आपणच टाइप करून द्या, बहुतेक वेळा ते तसंच छापून सही करतात.

हुद्द्यांची नावं इथल्या भाषेत आणायची ती जपून. चार्जहँड म्हणजे काय हे इथे फारसं कोणाला कळत नाही; ‘सिनियर टेक्निशियन, चार जणांच्या गँगचा प्रमुख’ लिहिलं की कळतं. फोरमन इथे कारखान्यातला वाटतो. पण पद फुगवून ‘इंजिनियर’ करू नका. आयटीआयवाल्याने इंजिनियर लिहिलेलं पहिल्याच मिनिटाला उघडं पडतं, आणि मग पुढच्या खऱ्या ओळींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

काम इथल्या मापात

भाईच्या जुन्या कागदावर सात वर्षांच्या नोकरीखाली लिहिलेलं होतं: सर्व एचव्हीएसी कामांची जबाबदारी, टीमवर्क, सुरक्षिततेचे नियम पाळणे. हे वाचून मला काहीच कळलं नाही, आणि मी तर त्याचा भाऊ.

मी त्याला चार गोष्टी विचारल्या. यंत्रं कुठली, किती, किती क्षमतेची, आणि त्यांच्यावर तू स्वतःच्या हाताने काय करायचास. ‘आता कुठे आठवतंय’ म्हणाला. मग त्याचा फोन घेतला. जुन्या व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये हजारो फोटो होते: बिघडलेला कंप्रेसर, गळका व्हॉल्व्ह, आणि चिलरच्या, म्हणजे इमारतीच्या एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या मोठ्या यंत्राच्या, नेमप्लेटचे फोटो, जे सुटा भाग मागवायला सुपरवायझरला पाठवावे लागतात. नेमप्लेटवर मॉडेल, क्षमता, गॅस सगळं असतं. फोटोची तारीख खाली होतीच. दोन तासांत त्याच्या शेवटच्या तीन वर्षांचा हिशेब आमच्या वहीत उतरला. (कंपनीच्या फाइली मात्र बाहेर काढू नका, आणि मुलाखतीत दाखवू तर मुळीच नका. आकडे आठवण्यापुरता उपयोग.)

एका नेमप्लेटवर क्षमता 1055 किलोवॉट होती. तिकडे ब्रिटिश पद्धतीच्या कंपन्यांत किलोवॉटमध्ये बोलतात. आपल्याकडे एसीवाला माणूस टनात विचार करतो. एक टन म्हणजे 3.517 किलोवॉट, तेव्हा 1055 ला त्याने भागलं की 300 टन. बायोडेट्यात ‘300 टीआर स्क्रू चिलर’ लिहिलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यासमोर यंत्र उभं राहतं. नुसतं ‘1055 किलोवॉट’ वाचून त्याला ते विजेच्या मोटरीचं वाटण्याचीही शक्यता आहे.

मग शेवटच्या नोकरीखाली आल्या या ओळी:

‘दुबई व शारजातल्या 11 जागांवर एअर-कूल्ड स्क्रू चिलर, 120 ते 400 टीआर, आर-134ए. महिन्याची, तिमाही व वार्षिक देखभाल. कंप्रेसर बदलणे, गळती शोधणे, गॅस भरणे, कंडेन्सर कॉइल धुणे, हाय प्रेशर ट्रिपचे कारण शोधणे. सात टेक्निशियन, दोन शिफ्ट. उन्हाळ्यात रात्रीच्या तातडीच्या कॉलवर मी स्वतः.’

आणि मधल्या सात वर्षांच्या नोकरीखाली:

‘निवासी संकुल, 3 टॉवर, 640 फ्लॅट. सुमारे 1,900 फॅन कॉइल युनिट आणि 14 ताज्या हवेची युनिट. थंड पाणी डिस्ट्रिक्ट कूलिंगचे. इमारतीत प्लेट हीट एक्स्चेंजर व पंप. इमारतीचे स्वतःचे चिलर नव्हते.’

हे शेवटचं वाक्य मी हट्टाने घालायला लावलं. दुबईत पुष्कळ इमारतींना थंड पाणी बाहेरच्या प्लांटमधून पाइपने येतं, वीज-पाण्यासारखं. आपल्याकडे गुजरातच्या गिफ्ट सिटीसारख्या मोजक्या ठिकाणी तशी सोय आहे. त्यामुळे ‘दुबईत सात वर्षं टॉवरची एसी-देखभाल’ वाचल्यावर पुण्यातला माणूस धरून चालतो की याने सात वर्षं चिलर चालवलेत. मुलाखतीत त्यावरचे प्रश्न सुरू होतात आणि फॅन कॉइल युनिटवाला माणूस अडखळतो. भाईला नंतरच्या तीन वर्षांत चिलर हाताळायला मिळाले होते, म्हणून त्याला अडचण आली नाही. पण कुठली नोकरी कशाची हे वेगळं लिहिलेलं होतं, हे महत्त्वाचं.

याच मापाने ‘बीएमएसचं ज्ञान’ ही ओळ तपासली. बीएमएस म्हणजे इमारतीतली यंत्रं संगणकावरून बघायची आणि चालवायची यंत्रणा. म्हटलं, काय करायचास? ‘अलार्म आला की बघायचो, सेटपॉइंट बदलायचो, शेड्यूल लावायचो.’ तेवढंच लिहिलं. प्रोग्रॅमिंग येतं असा भास होणारा शब्द काढला. प्रत्येक ओळीला ही परीक्षा लावा: समोरच्याने ‘कसं केलं ते सांगा’ म्हटलं तर पाच मिनिटं बोलता येईल का? येत नसेल तर ती ओळ ठेवू नका.

आता दुसरी बाजू. तुम्ही तिथे जे कधी केलंच नाही ते इथे रोजचं असतं. दुबईत वीज सहसा जात नाही. पुण्यातल्या सुपरवायझरला डीजी सेट, वीज गेल्यावरची पाच मिनिटं, पाण्याचे टँकर आणि सांडपाण्याचा प्लांट हे सगळं पाहावं लागतं. मोठ्या ऑफिसांत वॉटर-कूल्ड चिलर आणि कूलिंग टॉवर असतात, म्हणजे पाण्यावरची प्रक्रियाही आली. हे येत नाही असं बायोडेट्यात लिहायची गरज नाही. पण मुलाखतीआधी ओळखीच्या कुणाच्या तरी प्लांट रूममध्ये दोन दिवस उभे राहा. भाई आमच्या एका साइटवर चार दिवस रात्रपाळीला नुसता बघत बसला होता, आणि मुलाखतीत त्याने सरळ सांगितलं, ‘कूलिंग टॉवर मी चालवलेला नाही, पाहून आलोय, ब्लोडाउन कशासाठी करतात ते सांगू शकतो.’ विद्युत कामाला इथला तारतंत्री किंवा सुपरवायझरचा परवाना लागतो, तिकडचं कार्ड त्याऐवजी चालत नाही. विजेच्या कामात असाल तर ते वेगळं बघा.

तारखा आणि मधली रिकामी जागा

महिना आणि वर्ष, दोन्ही लिहा. नुसती वर्षं लिहिली की काहीतरी झाकताय असं वाटतं. रुजू झाल्याची तारीख दाखल्यावर असेल ती, पासपोर्टवरच्या शिक्क्याची नव्हे.

दर दोन वर्षांनी घरी घालवलेली सुट्टी म्हणजे खंड नव्हे, ती दाखवायची नाही. 2020 चं मात्र स्पष्ट करून टाका. भाई त्या वर्षी जूनमध्ये वंदे भारत मोहिमेच्या विमानाने आला आणि नोव्हेंबरपर्यंत इथेच अडकला. व्हिसा आणि नोकरी चालू होती, पगार बंद होता. ‘जून ते नोव्हेंबर 2020: कोविडमुळे बिनपगारी रजा, त्याच कंपनीत पुन्हा रुजू.’ बँक स्टेटमेंटमध्ये सहा महिने पगार दिसत नाही, त्याचं उत्तर आधीच मिळालं.

परतल्यानंतरचे महिनेही असेच एका ओळीत. भाईचे पाच महिने घराच्या स्लॅबमध्ये आणि आईच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत गेले. ‘ऑगस्ट 2024 ते डिसेंबर 2024: भारतात परत, कौटुंबिक कारण.’ पुरे.

पगार

बायोडेट्यात पगार लिहायचा नाही. पण नोकरीच्या पोर्टलवर आणि एचआरच्या फॉर्मवर तो रकाना असतो, आणि तिथेच माणूस अडतो.

भाई दिरहमला रुपयाच्या भावाने गुणायचा आणि लाखाच्या आसपासचा आकडा सांगायचा. तो आकडा ऐकला की समोरचा फोन ठेवतो. एक तर तो पैसा बारा तासांच्या ड्युटीचा आणि ओव्हरटाइमचा होता, खोली आणि बस कंपनीची होती, आणि प्राप्तिकर नव्हता. दुसरं, इथे जो ‘सीटीसी’ सांगतात त्यात मालकाचा पीएफचा वाटा, ग्रॅच्युइटीची तरतूद, विमा असं बरंच काही मोजलेलं असतं. हातात पडणारी रक्कम त्याहून कमी. दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून गुणाकार करण्यात अर्थ नाही.

फॉर्मवर विचारलं असेल तर खरा आकडा दिरहममध्येच लिहा, ‘राहणे व प्रवास कंपनीकडून’ हेही जोडा, आणि अपेक्षित पगार मात्र इथल्या त्याच पदाच्या दराने सांगा. तो दर कसा कळणार? त्याच पदावर असलेल्या तीन माणसांना विचारून. हातात किती पडतात आणि शिफ्ट किती तासांची, हे दोन्ही विचारा. भाईने ‘हातात चाळीस, आठ तासांची पाळी’ असं सांगायला सुरुवात केली आणि फोन लांबायला लागले.

पडताळणीला उत्तर देणारा माणूस

संदर्भ म्हणून एकच नाव द्या, पण असं की जो खरोखर उत्तर देईल. कंपनीच्या ईमेलवरून उत्तर येणं महत्त्वाचं. जीमेलवरून आलेलं पडताळणीवाले बहुधा धरत नाहीत. त्या माणसाला आधी कळवून ठेवा, तारखा आणि पद त्याला लिहून पाठवा, म्हणजे तुम्ही एक आणि तो दुसरंच असं होणार नाही.

वेळेचं भान पडताळणीवाल्यांना नसतं, ते तुम्हीच सांगा. दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. सकाळी साडेनऊला फोन केला तर तिकडे आठ वाजलेले असतात. सरकारी साप्ताहिक सुट्टी अमिरातीत 2022 पासून शनिवार-रविवार झाली, सौदी, कतार, कुवेत, ओमानमध्ये शुक्रवार-शनिवार आहे. भाईच्या एका फाइलवर ‘तीन वेळा फोन, उत्तर नाही’ असा शेरा होता. तिन्ही फोन सकाळी आठच्या आत, तिकडच्या वेळेने.

पोर्टलवरच्या दोन जागा

नोकरी डॉट कॉमवर `Current Location` मध्ये भाईचं अजून दुबईच होतं. पुण्यातला रिक्रूटर शोधताना शहराची चाळणी लावतो, त्यामुळे त्याचा बायोडेटा कोणाला दिसतच नव्हता. तीन महिन्यांतलं मौन निम्मं तरी यामुळे असावं. शहर बदललं, `Notice Period` मध्ये `15 Days or less` टाकलं, आणि दुबईचा नंबर काढून +91 चा टाकला. त्याच आठवड्यात दोन फोन आले.

शेवटी एका चिलर सर्व्हिस कंत्राटदाराकडे सुपरवायझर म्हणून जमलं. रुजू होताना फॉर्म 11 भरायला दिला. त्यात आधी पीएफचे सदस्य होता का, असं विचारतात. भाईने घाईत ‘नाही’वर खूण केली होती. दुबईला जाण्याआधी अंधेरीत तीन वर्षं काम केलं होतं आणि तिथे पीएफ कापला जायचा, हे तो विसरलाच होता. यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा नंबर, 2014 मध्ये सुरू झाला, तो 2012 मध्येच गेला, म्हणून त्याच्याकडे यूएएन नव्हता. नुसता जुना खाते नंबर होता, एका पिवळ्या पडलेल्या पगाराच्या पावतीवर. मामीने ती पावती देवघराच्या खणात जपून ठेवली होती. फॉर्म बदलून घेतला, आणि जुन्या खात्यातले पैसे नव्या यूएएनला जोडून घ्यायचं काम आता सुरू आहे.